सहकाऱ्याला तिच्या कामाबाहेरची मदत मागायची आहे, पण 'नाही' म्हणणंही तितकंच सोपं राहायला हवं. मेसेज कसा लिहू?

ट्रान्सहार्बर
रबाळे एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या केमिकल युनिटमध्ये मी एचआर आणि ट्रेनिंग बघतो. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, तो आठवडा आमच्याकडे सेफ्टी वीक म्हणून होतो. यंदा लोडिंगच्या कंत्राटी कामगारांसाठी कॉस्टिक सोडा फ्लेक्स हाताळण्यावर सत्र आहे. ही मंडळी सुती हातमोजे घालून गोणी उचलतात. घामाने मोजा ओला झाला की आत शिरलेले फ्लेक्स तिथेच विरघळतात आणि हात भाजतो. सेफ्टी ऑफिसर दरवर्षी स्लाईड्स दाखवून हे सांगतात, लोक माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुती मोजे.

आमच्या क्यूसी लॅबमध्ये एक सीनियर केमिस्ट मॅडम आहेत. गेल्या पावसाळ्यात वजनकाट्याजवळ एक गोण फाटली होती. मॅडम तिथूनच जात होत्या. त्यांनी लॅबमधून पाण्याचा बीकर मागवला, त्यात थोडे फ्लेक्स टाकले, ढवळले आणि तिथल्या दोघांना बीकरला बाहेरून बोट लावायला सांगितलं. काच किती तापते ते त्यांना कळलं. ते दोघं तेव्हापासून पीव्हीसीचे मोजे स्वतःहून मागून घेतात.

तेच त्यांनी सत्रात दाखवावं असं मला वाटतं. पण ते त्यांचं काम नाही. त्यांचं काम सॅम्पल, टायट्रेशन, टँकर पास करणं. शिवाय त्या माझ्यापेक्षा बऱ्याच सीनियर आहेत आणि कोणालाच 'नाही' म्हणत नाहीत. माझी अडचण तिथेच आहे. मला त्यांचा होकार हवाय, पण भिडेपोटी दिलेला नको. मेसेज असा लिहिलाय:

'मॅडम, एक छोटीशी मदत हवी होती. सेफ्टी वीकमध्ये कामगारांना कॉस्टिकबद्दल थोडंसं सांगाल का? तुमच्याइतकं छान कोणालाच जमत नाही. प्लीज नाही म्हणू नका 🙏'

सुधारणा सुचवा.

घोडबंदर_रोज
शेवटचं वाक्य आधी काढ. 'नाही' म्हणायची मोकळीक द्यायची आहे म्हणतोस आणि मेसेजमध्ये तीच काढून घेतोस.

कोपरखैरणेकर
मी सेल्समध्ये आहे, रोज माणसांकडे काही ना काही मागतो. माझा अनुभव असा की ज्याच्याकडे मागायचं त्याचं कौतुक आधी करायचं आणि काम लहान करून सांगायचं. 'दहा मिनिटं फक्त' म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही. मेसेज चांगला आहे, 'प्लीज' तेवढा काढा.

जास्वंद
कोपरखैरणेकर, कौतुकाचं निम्मं पटलं. का विचारतोय ते सांगायलाच हवं, नाहीतर 'मीच का?' हा प्रश्न उरतो. पण 'तुमच्याइतकं कोणालाच जमत नाही' हे कौतुक समोरच्याला अडकवतं. मी नाही म्हटलं तर सत्र पडलं आणि ते माझ्यामुळे पडलं, असा त्याचा अर्थ होतो. त्यापेक्षा 'वजनकाट्याजवळ तुम्ही बीकर घेऊन दाखवलंत, त्यानंतर ते दोघं मोजे मागून घेतात' हे जसं घडलं तसं लिहा. त्यात कौतुक आहे आणि ओझं नाही.

मी तुर्भ्याला फार्मा लॅबमध्ये आहे, म्हणजे मॅडमच्या बाजूची. 'दहा मिनिटं' ऐकलं की आम्हाला घाम फुटतो. टायट्रेशन चालू असताना दहा मिनिटं म्हणजे ते रन गेलं, पुन्हा पहिल्यापासून. आणि टँकर गेटवर उभा असेल तर ड्रायव्हरपासून स्टोअरपर्यंत सगळे लॅबला फोन लावतात. तेव्हा किती वेळ यापेक्षा किती वाजता, हा आमचा पहिला प्रश्न. तुमच्या मेसेजमध्ये वेळच नाही.

ट्रान्सहार्बर
घोडबंदर, शेवटचं वाक्य काढलं. जास्वंद, सत्र दुपारी तीनच्या आसपास, शिफ्ट बदलताना. वीस मिनिटांचं.

वागळे१६
तीनला शिफ्ट बदलते म्हणजे पहिल्या शिफ्टचे लोक निघायच्या घाईत आणि दुसरीचे नुकतेच येतायत. दोघांना एकत्र उभं करणार की दोनदा घेणार?

ट्रान्सहार्बर
दोनदाच घ्यावं लागेल. २.३० ते २.५० पहिली शिफ्ट, ३.०५ ते ३.२५ दुसरी.

वागळे१६
मग वीस मिनिटांचं काम नाही हे. मधल्या पंधरा मिनिटांत त्या लॅबला जाऊन काही करू शकणार नाहीत, म्हणजे अडीच ते साडेतीन धरा. सेफ्टी ऑफिसरबरोबर आधी एकदा बसणं अर्धा तास. यार्डात जायचं म्हणजे सेफ्टी शूज, हेल्मेट, गॉगल, येणं-जाणं. सत्र संपल्यावर दोन-चार जण हात दाखवत थांबणारच, 'मॅडम, हे बघा इथे असं झालंय'. त्यांना टाकून त्या जाणार नाहीत. सगळं मिळून पावणेदोन तास.

मी वागळे इस्टेटमध्ये वर्षानुवर्षं प्रॉडक्शन सांभाळलं. माणसं मदत केल्याचा त्रास मानत नाहीत. 'थोडंसं' म्हणून बोलावलं आणि अर्धा दिवस गेला, याचा त्रास मानतात. नंतर ती माणसं 'नाही'ही म्हणत नाहीत, तुम्हाला टाळायला लागतात. तेव्हा खरा आकडा लिहा. तो मोठा वाटून त्या नाही म्हणाल्या तर तेच खरं उत्तर असेल.

दुपारचाडबा
आमच्याकडे 'दोन मिनिटं येतोस का' म्हणून नेलेला माणूस थेट ऑडिट संपल्यावर परत आला होता. डबा तसाच. 😄

सानपाडा_सायली
हा धागा बघून बरं वाटलं, मलाही हाच त्रास आहे. महाप्याला एका आयटी कंपनीत फ्रंट डेस्कला आहे. मला थोडं डिझाईन येतं हे कळल्यापासून वाढदिवसाची कार्डं, गणपतीचं निमंत्रण, साहेबांच्या मुलीच्या शाळेचं पोस्टर, सगळं माझ्याकडे. मला नाही म्हणताच येत नाही. साहेबांना कसं सांगू?

निवांत_ऐरोली
सायली, तुमचा प्रश्न नाही कसं म्हणावं हा आहे, हा धागा विचारणाऱ्याने काय करावं याचा आहे. पण तुमचं उदाहरण इथे कामाला येतं. तुम्हाला पहिल्यांदा कार्ड करायला सांगितलं तेव्हा 'एकदाच' असं कोणी म्हणालं होतं का?

सानपाडा_सायली
नाही. 'तुला येतं ना, करून टाक' एवढंच. मग ते माझंच काम झालं.

निवांत_ऐरोली
तेच ना. ट्रान्सहार्बर, मॅडमच्या मनात हाही हिशेब येईल: या वर्षी हो म्हटलं तर दरवर्षी मीच. म्हणून 'या वेळेपुरतं' हे लिहा, आणि पुढच्या वर्षी खरोखर दुसरी व्यवस्था करा.

मी कंपन्यांमध्ये प्रशिक्षण देते, हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. 'नाही म्हटलं तरी चालेल' असं नुसतं लिहिल्याने नाही म्हणणं सोपं होत नाही. फ्रान्समध्ये गेगें आणि पास्कल यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांकडे बसभाड्यासाठी सुटे पैसे मागायचे. साधं मागितलं तेव्हा दहातला एक जण द्यायचा. त्याच मागणीला 'पण देणं न देणं तुमच्या हातात आहे' एवढं जोडलं तर जवळपास निम्मे द्यायला लागले. म्हणजे मोकळीक बोलून दाखवली की होकार वाढतो. सेल्सवाल्यांना हे माहीत असतं आणि ते हे वाक्य मुद्दाम वापरतात. तेव्हा ते वाक्य लिहून आपण मोकळीक दिली असं समजू नका. मोकळीक तेव्हाच खरी, जेव्हा त्या नाही म्हणाल्या तर पुढे काय होणार हे तुम्ही आधी ठरवलेलं असतं आणि त्यांनाही ते दिसतं.

मॅडम आल्या नाहीत तर सत्राचं काय?

ट्रान्सहार्बर
सेफ्टी ऑफिसर नेहमीप्रमाणे घेतील. त्यांच्या स्लाईड्स तयार आहेत.

निवांत_ऐरोली
मग तेच लिहा, तितक्याच साध्या शब्दांत. 'बघू काहीतरी' असं मोघम लिहिलंत तर त्यांना कळेल की सगळं त्यांच्यावर अडलंय.

कोपरखैरणेकर
पण मग त्या नाहीच म्हणतील! स्वतःच कारण हातात देताय. माझं ऐका, आधी मोठं मागा. पूर्ण आठवडा रोज सत्र घ्या म्हणा. त्या नाही म्हणाल्या की 'बरं, एक दिवस तरी?' लगेच हो येईल. आमच्याकडे हे हमखास चालतं.

घोडबंदर_रोज
चालतं, पण ट्रान्सहार्बरने उलटं मागितलंय. त्याला हो काढून घ्यायचा नाही.

निवांत_ऐरोली
कोपरखैरणेकर, हमखास नाही तरी बऱ्याचदा चालतं, यावरही संशोधन आहे. पण तुमचं गिऱ्हाईक उद्या दुसरीकडे जाऊ शकतं. या दोघांना रोज एकाच कँटीनमध्ये जेवायचंय. ज्याला दोनदा असं गाठलं तो तिसऱ्यांदा तुम्ही येताना दिसलात की दुसऱ्या दाराने जातो.

जास्वंद
मेसेज करणार की समोर जाऊन बोलणार? आमच्याकडे सीनियर माणसाला नुसता व्हॉट्सअ‍ॅप टाकला तर त्यांना ते तुटक वाटतं. आणि कृपा करून डिपार्टमेंटच्या ग्रुपवर विचारू नका. तिथे पंचवीस जण बघत असताना कोण नाही म्हणेल?

ट्रान्सहार्बर
समोर जाऊनच विचारावं असं मलाही वाटत होतं, आदर म्हणून.

निवांत_ऐरोली
समोर विचारलं तर होकार मिळायची शक्यता खूपच वाढते. रोगानिझाद आणि व्हेनेसा बोन्स यांचा २०१७चा अभ्यास आहे. अनोळखी लोकांना एक प्रश्नावली भरायची विनंती करायची, काहींना समोर, काहींना ईमेलने. समोर विचारणं सुमारे ३४ पट परिणामकारक ठरलं. आणि विचारणाऱ्यांना आधी वाटत होतं की दोन्हींत फारसा फरक पडणार नाही. ओळखीच्या सहकाऱ्यांत आकडा वेगळा असेल, पण दिशा तीच. समोर उभ्या माणसाला नकार देणं फार अवघड असतं आणि विचारणाऱ्याला ते जाणवतच नाही.

मला स्वतःला हे दोन टप्प्यांत केलेलं आवडतं. दुपारी चहाच्या वेळी भेटा आणि म्हणा, 'मॅडम, सेफ्टी वीकबद्दल एक विचारायचंय. मेसेज टाकतो, सवडीने बघा, आत्ता काही सांगू नका.' आणि तिथून खरंच निघा. थांबलात तर त्या तिथेच हो म्हणतील.

वागळे१६
एक मोठी गोष्ट राहिली. त्यांचे साहेब. क्यूसी हेडना न विचारता त्यांना नेलंत आणि त्याच वेळी टँकर आला, तर बोलणी मॅडमना बसतील, तुम्हाला नाही.

घोडबंदर_रोज
साहेबांना आधी विचारलं तर साहेब मॅडमना म्हणणार 'जा तुम्ही'. झाली ऑर्डर. मग हा सगळा मेसेज कशाला?

वागळे१६
म्हणून नाव न घेता विचारायचं. 'सर, सेफ्टी वीकमध्ये लॅबमधलं कोणी स्वतःहून तयार झालं तर एका दुपारी तास-दीड तास सोडणं शक्य आहे का? अजून कोणाशी बोललो नाही. तुम्हाला अडचण असेल तर विषय इथेच थांबवतो.' त्यांनी नाही म्हटलं तर मॅडमपर्यंत प्रश्नच जात नाही आणि त्यांना कसलाच संकोच नाही. हो म्हटलं तर तुम्ही मॅडमना सांगू शकता की परवानगीची अडचण नाही, मात्र साहेबांना कोणाचंही नाव सांगितलेलं नाही.

घोडबंदर_रोज
लॅबमध्ये माणसं किती असतील, चार-पाच? साहेबांना नाव लगेच कळेल.

वागळे१६
कळेल. तरी त्यांनी नाव उच्चारलेलं नसलं की मॅडमना माघार घेता येते. यापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही.

जास्वंद
मला हे पूर्ण पटत नाही. माझ्या साहेबांशी कोणी माझ्याआधी बोललं तर, नाव घेतलं नसलं तरी, मला आवडणार नाही. आधी मला विचारा, मी तयार असेन तर साहेबांशी मी बोलेन किंवा तुम्ही बोला म्हणेन.

वागळे१६
ताई, तुम्ही स्वतः साहेबांकडे जाऊन विचारू शकता. प्रत्येकीला ते जमत नाही. ज्या कोणालाच नाही म्हणत नाहीत त्या साहेबांकडे वेळ मागायला जातील असं मला वाटत नाही. पण तुमच्या लॅबची रीत तुम्हाला ठाऊक.

आता रजिस्टर. ट्रेनिंग रेकॉर्डमध्ये प्रशिक्षक म्हणून सही कोणाची? कामगारांना धोक्याची माहिती देणं ही कायद्याने ऑक्युपायरची, म्हणजे कारखाना चालवणाऱ्याची जबाबदारी आहे, केमिस्टची नाही. पण उद्या कोणाचा हात भाजला आणि इन्स्पेक्टर आले तर ते रजिस्टर उघडतात. तिथे मॅडमचं नाव असेल तर प्रश्न त्यांना जातील. सही सेफ्टी ऑफिसरचीच हवी आणि हे मॅडमना आधी सांगायला हवं. अनुभवी माणूस याच कारणाने अडखळतो आणि भिडेपोटी बोलत नाही.

ट्रान्सहार्बर
रजिस्टरचं माझ्या डोक्यातच नव्हतं. सेफ्टी ऑफिसरांशी बोललो, सही तेच करणार. क्यूसी हेडना वागळे१६ यांच्या पद्धतीने, नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, 'टँकर नसेल तर हरकत नाही, असेल तर सोडता येणार नाही.' स्टोअरकडून कळलं की ५ तारखेला टँकरचं शेड्यूल नाही.

नवा मेसेज:

'नमस्कार मॅडम. चहाच्या वेळी म्हटलं होतं तो विषय.
५ मार्चला लोडिंगच्या कामगारांसाठी कॉस्टिक हाताळणीवर सत्र आहे. पावसाळ्यात वजनकाट्याजवळ तुम्ही बीकर घेऊन जे दाखवलंत, ते या सत्रात दाखवणं तुम्हाला जमेल का? तेव्हा बघितलेले दोघं अजून पीव्हीसीचे मोजे मागून घेतात, म्हणून तुम्हाला विचारतोय.
दोन बॅच आहेत, २.३० ते २.५० आणि ३.०५ ते ३.२५. त्याआधी एखाद्या दिवशी सेफ्टी ऑफिसरांबरोबर अर्धा तास. येणं-जाणं धरून एकूण पावणेदोन तास जातील. साहित्य मी आणेन. रजिस्टरवर प्रशिक्षक म्हणून सही सेफ्टी ऑफिसरांची असेल. त्या दिवशी टँकर नाही. तुमच्या सरांना फक्त लॅबमधलं कोणी आलं तर चालेल का एवढंच विचारलंय, कोणाचंही नाव घेतलेलं नाही.
हे तुमच्या कामात येत नाही आणि या वेळेपुरतंच विचारतोय. जमणार नसेल तर सेफ्टी ऑफिसर दरवर्षीप्रमाणे सत्र घेतील, त्यांची तयारी झालेली आहे. पूर्ण नको असेल तर एकच बॅच, किंवा फक्त त्यांना आधी समजावून सांगणं, किंवा मोजे कोणते घ्यावेत ते लिहून देणं, यातलं काहीही चालेल.
२० फेब्रुवारीपर्यंत कळवा.'

जास्वंद
वेळेचा हिशेब, रजिस्टर, टँकर, सगळं आलं. हे वाचून मी ठरवू शकेन. पण शेवटचे पर्याय वाचताना दम लागला. आधी एकाच गोष्टीला नाही म्हणायचं होतं, आता चार गोष्टींना म्हणायचंय. 'अहो, निदान मोज्यांचं तरी लिहून द्या' असं ऐकू येतं.

कोपरखैरणेकर
बघा, हे तर माझंच तंत्र झालं की. मोठं मागून लहानावर यायचं. 🙂

निवांत_ऐरोली
कोपरखैरणेकर यांचं म्हणणं बरोबर आहे. हेतू वेगळा असला तरी वाचणाऱ्यावर परिणाम तोच होईल. मी एकच पर्याय ठेवेन, जो कामाच्या दृष्टीने खरंच उपयोगी आहे: सेफ्टी ऑफिसरांना आधी समजावून सांगणं. बाकीचे काढा.

आणि 'कळवा' बदला. 'कळवा' म्हटलं की उत्तर देणं हेच एक काम होतं, आणि नकार असेल तर तो शब्दांत लिहावा लागतो. ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांना नेमकं तेच जड जातं. गप्प राहणं म्हणजे नाही, असं ठरवून टाका. 'तोपर्यंत निरोप आला नाही तर नाही असं समजून मी पुढची तयारी करेन, पुन्हा विचारणार नाही.' मग त्यांना काहीच न करताही नाही म्हणता येतं. तारीख मात्र अशी ठेवा की नकारानंतर तुमच्या हातात वेळ उरेल, नाहीतर तुम्हालाच २१ला फोन करावासा वाटेल.

घोडबंदर_रोज
आणि मेसेज वाचलाच नसेल तर?

निवांत_ऐरोली
निळ्या टिका दिसल्या तर वाचलाय. टिका बंद ठेवल्या असतील तर एकदाच, समोर दिसल्यावर, 'मेसेज पोहोचला ना?' एवढं विचारा. 'काय ठरलं?' विचारू नका.

दुपारचाडबा
आणि 'बघते', 'सांगते', 'जरा लोड आहे बघ' यांचं काय करायचं? आमच्या ऑफिसात याला कोणी नकार मानतच नाही. 'बघते म्हणाली होतीस ना, मग बघितलंस का?' 😄

जास्वंद
आमच्या बाजूने सांगते, 'बघते' म्हणजे दहापैकी नऊ वेळा नाही. दहाव्या वेळी खरंच वेळापत्रक बघायचं असतं, पण तेव्हा आम्ही सोबत काहीतरी विचारतो, 'किती वाजता म्हणालास?' वगैरे. प्रश्न आला तर रस आहे. नुसतं 'बघते' आलं तर सोडून द्यावं.

वागळे१६
नकार आला तर 'का?' विचारू नका, एचआरमध्ये आहात म्हणून मुद्दाम सांगतो. कारण विचारलं की माणूस कारण देतो आणि तुम्ही ते कारण सोडवायला बसता. 'वेळ नाही' म्हटल्यावर 'मग वेळ बदलू?' असं. 'ठीक आहे मॅडम, सेफ्टी ऑफिसरांना सांगतो' एवढं लिहा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं बोला. साहेबांनाही मॅडम नाही म्हणाल्या हे सांगायची गरज नाही.

सानपाडा_सायली
हे सगळं वाचून वाटलं, मला असं कोणी विचारलं असतं तर मी बहुतेक कार्डं आनंदाने केली असती. पोस्टरला नाही म्हटलं असतं.

घोडबंदर_रोज
सायली, साहेबांना पुढचं काम आलं की वेळ विचारा: 'किती तासांचं आहे, आणि तोवर डेस्कवर कोण बसेल?' दुसऱ्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसेल.

सानपाडा_सायली
हे जमेल मला. 🙏

ट्रान्सहार्बर
दोन पर्याय काढले, 'कळवा' बदललं आणि परवा पाठवला. चहाच्या वेळी भेटून सांगितलंही, आणि खरंच लगेच निघालो. त्या 'काय आहे रे?' म्हणत होत्या, तरी थांबलो नाही.

आज सकाळी उत्तर आलं. तसंच देतोय: 'यार्डात उभं राहून बोलणं मला नको वाटतं. पण सेफ्टी ऑफिसरना माझ्याकडे पाठव, अर्ध्या तासात बीकरचं शिकवते. पाणी आधी घ्यायचं, फ्लेक्स त्यात थोडे थोडे टाकायचे, उलटं करायचं नाही. गॉगल घालूनच. आणि हात भाजला तर त्यावर लिंबू-व्हिनेगर चोळायचं नाही, निदान पंधरा मिनिटं धारेच्या पाण्याखाली धरायचा, हे त्यांना सांगायला सांग. मागच्या वेळी एकाने लिंबू मागितलं होतं.'

लिंबाची गोष्ट आमच्या कुठल्याच स्लाईडवर नव्हती.

वागळे१६
लिंबाचं खरं आहे. अल्कलीवर आम्ल टाकलं की ते शमेल असं शाळेत शिकलेलं असतं, पण त्या अभिक्रियेत उष्णता निघते, त्वचेवर आणखी भाजतं. शिवाय लिंबू शोधण्यात जी दोन मिनिटं जातात त्यात कॉस्टिक आत जात राहतं. ही एक गोष्ट सत्रात आली तरी पुष्कळ झालं.

कोपरखैरणेकर
पण मॅडम बोलायला तर नाहीच आल्या. समोर जाऊन विचारलं असतंत तर आल्या असत्या.

जास्वंद
आल्या असत्या. 'नको वाटतं' हे मात्र त्यांनी समोर कधीच सांगितलं नसतं, आणि नको वाटत असताना पन्नास माणसांपुढे उभ्या राहिल्या असत्या.

कोपरखैरणेकर
कामगारांचे हात वाचणार असतील तर थोडा संकोच चालला असता, असं माझं मत. सेफ्टी ऑफिसरकडून तो परिणाम होईल का?

निवांत_ऐरोली
हा प्रश्न मला योग्य वाटतो. धोका फार मोठा असता आणि मॅडमशिवाय कोणाला ते येतच नसतं, तर ही विनंती राहिलीच नसती. मग ते काम व्यवस्थापनाने अधिकृतपणे त्यांच्याकडे सोपवायचं, त्यासाठी वेळ द्यायचा आणि तसं लेखी नोंदवायचं. भीड घालून फुकटात करून घ्यायचं नाही. इथे ती वेळ आहे असं मला वाटत नाही, पण ट्रान्सहार्बरला जास्त माहीत.

ट्रान्सहार्बर
सेफ्टी ऑफिसर स्वतः उत्सुक आहेत, बीकरवर हात बसवतो म्हणाले. परिणाम होतो का ते लोडिंगवर सुती मोजे किती दिसतात यावरून कळेल. ते मी मोजणार आहे.

एक विचारायचंय. आम्ही मोज्यांचा आणि धारेच्या पाण्याचा एक चार्ट लावणार आहोत. खाली 'मार्गदर्शन: क्यूसी लॅब' असं लिहू का मॅडमचं नाव घालू? श्रेय द्यावंसं वाटतं.

जास्वंद
नाव घातलंत की पुढच्या सेफ्टी वीकला सगळे थेट त्यांच्याकडे. त्यांनाच विचारा, आणि 'नाव नको असेल तर लॅब एवढंच लिहितो' हे त्याच वाक्यात सांगा.

वागळे१६
आणि चार्ट छापायला देण्याआधी त्यांना दाखवा. त्यात एखादी चूक राहिली तर नाव असो वा नसो, लोक लॅबलाच विचारतील.